दोघांच्या पगारातून महिन्याला खरंच किती उरतं? घणसोलीतल्या एका जोडप्याचा वर्षाचा हिशेब, पायरीपायरीने

केतकी आणि अमोल घणसोलीत भाड्याने राहतात. तो ऐरोलीला नोकरीला, ती ठाण्याला. लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा त्यांनी घर बघायला सुरुवात केली आणि पहिल्यांदा दोघांचे पैसे एका कागदावर मांडले. केतकीचे हातात येतात 58,000, अमोलचे 64,000. दोन्ही मिळून 1,22,000. खर्चाचा अंदाज दोघांनी मिळून लिहिला: भाडं 28,000, किराणा-भाजी-दूध 14,000, वीज-गॅस-मोबाइल-इंटरनेट 5,000, प्रवास 7,000, कामवाल्या मावशी 4,000, अमोलच्या आईबाबांना 10,000, बाहेर खाणं 8,000, कपडे-औषधं-किरकोळ 8,000. बेरीज 84,000. म्हणजे महिन्याला 38,000 शिल्लक. एजंटला त्यांनी याच आकड्यावर बजेट सांगितलं होतं.

केतकी माझी मामेबहीण. मी लेखापालाचं काम करते, म्हणून तिने तो कागद मला पाठवला. मी एकच विचारलं, "महिन्याला 38,000 उरतात, तर वर्षाचे साडेचार लाख झाले. ते आहेत कुठे?" तिने खाती उघडून पाहिली. तेवढे नव्हते.

अंदाजाने लिहिलेल्या खर्चाच्या यादीत नेहमी महिन्याला आठवणारे खर्च येतात. वर्षातून एकदा येणारे येत नाहीत, आणि दिवसातून चारदा होणारे छोटे खर्चही येत नाहीत. म्हणून यादी सुधारत बसण्यात अर्थ नाही. बँकेच्या नोंदी घ्यायच्या, बेरीज करायची आणि ती बेरीज दुसऱ्या बाजूने तपासायची. या दोघांनी ते कसं केलं, ते खाली सविस्तर लिहिते आहे. सगळं मिळून त्यांचे दोन रविवार गेले.

आधी खाती शोधा

दोघांनी आपापली सगळी खाती लिहायची: पगाराचं खातं, जुन्या नोकरीतलं पगाराचं खातं, गावाकडच्या बँकेतलं खातं, क्रेडिट कार्डं, वॉलेट, "आत्ता घ्या, नंतर भरा" प्रकारची उधारी. आठवणीवर विसंबू नका. आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण मिळतं (तिथे ते AIS नावाने दिसतं). त्यात तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिलं ते येतं, त्यामुळे विसरलेलं बचत खातं तिथे सापडू शकतं. कार्डं आणि कर्जं पाहायला क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट ब्यूरोने वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

केतकी-अमोलने हे शोधकाम केलं नाही. त्यांनी आठवतील ती तीन बँक खाती आणि दोन कार्डं लिहिली. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

बारा महिन्यांची स्टेटमेंट, त्याहून कमी नाही

तीन महिन्यांच्या नोंदी पुरतील असं वाटतं, पण त्या फसवतात. एप्रिल ते जून घेतले तर गणपती नाही, दिवाळी नाही, विम्याचे हप्तेही कदाचित नाहीत. पूर्ण आर्थिक वर्ष घ्यावं. यांनी 1 एप्रिल 2024 ते 31 मार्च 2025 घेतलं. नेटबँकिंगमधून स्टेटमेंट शक्यतो एक्सेल किंवा CSV स्वरूपात उतरवा. पीडीएफमधून आकडे उचलताना ओळी तुटतात.

कार्डाच्या बाबतीत एक अडचण असते. बिल महिन्याच्या मध्ये निघतं, त्यामुळे वर्षाच्या दोन्ही टोकांना एक-एक बिल जास्तीचं उतरवावं लागतं आणि त्यातल्या खरेदीच्या तारखा पाहून 1 एप्रिल ते 31 मार्च एवढ्याच ओळी ठेवाव्या लागतात.

सगळं एकाच शीटमध्ये

सगळ्या खात्यांच्या ओळी एकाखाली एक चिकटवा. सहा रकाने पुरतात: A मध्ये तारीख, B मध्ये खातं, C मध्ये तपशील, D मध्ये जमा म्हणजे खात्यात आलेले पैसे, E मध्ये नावे म्हणजे खात्यातून गेलेले पैसे, F मध्ये प्रकार. कार्डही एक खातंच समजा, फक्त त्याची शिल्लक उणे असते. कार्डावर केलेली खरेदी नावे बाजूला, कार्डाला भरलेलं बिल जमा बाजूला.

इथे हमखास होणारा घोटाळा म्हणजे आकडे मजकूर म्हणून येतात. पेशीत 12,450 दिसतात, पण बेरजेत धरले जात नाहीत. ओळखायचं कसं? नीट आकडा पेशीत उजवीकडे चिकटतो, मजकूर डावीकडे. पूर्ण रकाना निवडून स्वल्पविराम आणि मोकळ्या जागा काढून टाका, मग तो आकड्याच्या स्वरूपात बदला. तारखांकडेही लक्ष असू द्या. 05/09 म्हणजे 5 सप्टेंबर की 9 मे, हे शीट स्वतःच ठरवून मोकळं होतं.

आता प्रत्येक खात्याचा ताळा घ्या: सुरुवातीची शिल्लक, अधिक सगळी जमा, वजा सगळी नावे, बरोबर शेवटची शिल्लक. हा ताळा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नका. जुळला नाही तर एखादं पान सुटलं आहे किंवा एखाद्या महिन्याच्या ओळी दोनदा चिकटल्या आहेत.

प्रत्येक ओळीला प्रकार

खरं काम इथे आहे, आणि बहुतेक जण इथेच चुकीच्या दिशेने जातात. ते किराणा, हॉटेल, औषधं, करमणूक असे वीस प्रकार पाडतात आणि तिसऱ्या महिन्यापर्यंत कंटाळतात. शिल्लक काढायला पाचच प्रकार लागतात.

उत्पन्न म्हणजे पगार, बोनस, व्याज. खर्च म्हणजे घराबाहेर गेलेला पैसा. गुंतवणूक म्हणजे एसआयपी, मुदत ठेव, आवर्ती ठेव. परतावा म्हणजे आधी केलेल्या खर्चातून परत आलेला पैसा: रद्द केलेलं तिकीट, परत पाठवलेला कुर्ता, मित्रांनी हॉटेलच्या बिलातला आपला वाटा पाठवला ते. आणि पाचवा, सगळ्यांत महत्त्वाचा प्रकार म्हणजे आपापसात: दोघांच्या खात्यांमध्ये इकडून तिकडे फिरलेला पैसा, कार्डाच्या बिलाचा भरणासुद्धा.

आपापसात हा प्रकार नीट पाडला नाही तर आकडे फुगतात. अमोल दर महिन्याला केतकीला भाड्याचा वाटा पाठवायचा. त्याच्या स्टेटमेंटमध्ये ते जाणं, तिच्या स्टेटमेंटमध्ये येणं. घर म्हणून पाहिलं तर ना उत्पन्न, ना खर्च. पुढे सगळी खाती हाताशी आल्यावर बँकेतल्या जमेची बेरीज 19,09,000 आली. त्यातलं खरं उत्पन्न होतं 15,58,000. बाकीचे 2,94,000 आपापसात फिरलेले आणि 57,000 परताव्याचे.

कार्डाचंही तसंच. कार्डावर 6,000 ची खरेदी हा खर्च झाला. पुढच्या महिन्यात बँकेतून भरलेलं 6,000 चं बिल हा पुन्हा खर्च नाही. दोन्ही धरले तर तोच पैसा दोनदा खर्च होतो. एटीएममधून काढलेली रोख मात्र सरसकट खर्चात टाका. रोखीचा माग काढत बसलात तर हिशेब कधीच पुरा होणार नाही.

प्रकार पाडून झाल्यावर बेरीज अशी मिळते:

```
=SUMIFS(E:E, F:F, "खर्च")
=SUMIFS(D:D, F:F, "परतावा")
=SUMIFS(E:E, F:F, "आपापसात") - SUMIFS(D:D, F:F, "आपापसात")
```

पहिल्यातून दुसरं वजा केलं की निव्वळ खर्च मिळतो. तिसरं सूत्र म्हणजे तपासणी. आपापसात फिरलेला पैसा एका खात्यातून निघाला तर दुसऱ्यात पोचलाच पाहिजे, म्हणून उत्तर शून्य यायला हवं. 31 मार्चला निघून 1 एप्रिलला पोचलेला एखादा व्यवहार असेल तर तेवढाच फरक चालेल.

यांच्या शीटमध्ये उत्तर आलं 30,000. बँकेतून बँकेत 2,94,000 निघाले होते आणि पोचले होते 2,64,000. अमोल म्हणाला, "तुझ्या खात्यातून दर महिन्याच्या 5 तारखेला अडीच हजार जातात. पुढे तुझंच नाव आहे."

केतकी स्क्रीनकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "अरे, ते रत्नागिरीचं खातं. पहिली नोकरी लागली तेव्हा बाबांनी उघडून दिलेलं. तिकडून विम्याचा हप्ता कटतो."

त्या खात्यात वर्षाच्या सुरुवातीला 31,500 होते आणि त्यातून वर्षाला 27,000 चा विम्याचा हप्ता जात होता. खर्चाच्या कुठल्याच यादीत तो नव्हता. चौथं खातं शीटमध्ये आलं आणि तिसऱ्या सूत्राचं उत्तर शून्य झालं.

शिल्लक दोन वाटांनी काढा

या पायरीशिवाय बाकीच्या सगळ्या मेहनतीवर मी तरी विश्वास ठेवणार नाही. पहिली वाट सरळ: उत्पन्न वजा निव्वळ खर्च. दुसरी वाट प्रकारांकडे बघतच नाही. ती फक्त विचारते की वर्षाच्या सुरुवातीला आपल्याकडे किती होतं, शेवटी किती आहे, आणि मध्ये किती गुंतवलं. दोन्ही उत्तरं सारखी यायलाच हवीत.

1 एप्रिल 2024 ला चारही बँक खात्यांत मिळून 1,15,000 होते आणि कार्डांचं देणं 14,000. 31 मार्च 2025 ला बँकेत 2,83,000, कार्डांचं देणं 38,000. बँकेतली शिल्लक 1,68,000 ने वाढली, देणं 24,000 ने वाढलं, म्हणून खरी वाढ 1,44,000. त्यात वर्षभराची एसआयपी मिळवायची, महिना 8,000 प्रमाणे 96,000. एकूण 2,40,000.

एसआयपीचा आकडा बँकेच्या नोंदींवरून घेऊ नका. म्युच्युअल फंडांचं एकत्रित विवरण मागवा आणि त्यातल्या वर्षभराच्या खरेदीची बेरीज घ्या. फंडाचं आजचं मूल्य इथे लागत नाही, आपण घातलेला पैसाच मोजायचा. पगारातून परस्पर कापला जाणारा भविष्यनिर्वाह निधीही धरू नका. ती बचतच आहे, पण ती हातात येणाऱ्या पगारात नव्हतीच.

पहिल्या वाटेने यांचं उत्तर आलं 2,32,000. फरक 8,000. असा फरक आला की आधी तोच आकडा नोंदींमध्ये शोधायचा. सापडला नाही तर त्याचा निम्मा आकडा शोधायचा, कारण जमेची ओळ चुकून नावे बाजूला पडली की फरक दुप्पट होतो. इथे 8,000 लगेच सापडले. ऑगस्टमध्ये खात्यात पुरेसे पैसे नसल्याने एसआयपी कटली नव्हती. अमोलने दोन दिवसांनी ती UPI ने भरली. बँकेतून आपोआप कटणाऱ्या हप्त्याच्या तपशिलात `NACH` असतं, त्याऐवजी इथे `UPI` दिसलं आणि ओळ खर्चात गेली. प्रकार बदलला, दोन्ही वाटा 2,40,000 वर जुळल्या. उत्पन्न 15,58,000, निव्वळ खर्च 13,18,000.

फरक मोठा आणि न सापडणारा असेल तर बहुधा एखादं खातं किंवा कार्ड अजून शीटच्या बाहेर आहे. तेव्हा पुन्हा खाती शोधायच्या पायरीवर जा.

मग महिन्याला किती?

2,40,000 भागिले 12 करून 20,000 म्हणू नका. वर्षाच्या उत्पन्नात अमोलचा 90,000 चा बोनस आहे. तो दरवर्षी तेवढाच येईल याची हमी नाही, आणि त्याच्या भरवशावर दर महिन्याचा हप्ता घेता येत नाही. बोनस बाजूला काढला की उरतात 1,50,000. महिन्याला 12,500.

38,000 नाही. 12,500. आणि यात एसआयपीचे 8,000 आलेच. म्हणजे बँकेत मागे राहणारे 4,500.

बँकेतला आकडा वाढत असल्यामुळे दोघांनाही शंका आली नव्हती. पण त्या 1,68,000 च्या वाढीतले 90,000 बोनसचे होते आणि 24,000 कार्डाच्या न भरलेल्या खरेदीचे, म्हणजे उद्या जाणारेच. उरलेले 54,000 म्हणजे हेच महिन्याचे साडेचार हजार. बँकेतली शिल्लक बघून आपण बरे चाललो आहोत असं ठरवणं किती धोक्याचं आहे, हे मला इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसलं आहे.

अंदाजापेक्षा वर्षाला 3,10,000 जास्त खर्च झाले होते. आता कुठे, ते बघायचं. आता बघायचं, आधी नाही, कारण एकूण आकडा पक्का असला की शोध भरकटत नाही. खर्चाच्या ओळी मोठ्या रकमेपासून लहान रकमेकडे लावल्या. विमा 65,000: रत्नागिरीच्या खात्यातले 27,000, केतकीच्या आईबाबांच्या आरोग्य विम्याचे 34,000, स्कूटरचे 4,000. गणपती, दिवाळी, गावी जाणं-येणं, लग्नांतले आहेर मिळून 88,000. फोन आणि वॉशिंग मशीन हप्त्यांवर घेतलेलं, 48,000. आणि मोठं काहीच नसलेले 1,09,000.

हे शेवटचे म्हणजे पाचशेच्या आतले UPI व्यवहार, अंदाजात धरलेल्या रकमेच्या वरचे. स्टेशनबाहेरची रिक्षा, सकाळी चुकलेल्या डब्यामुळे दुपारचं जेवण, दहा मिनिटांत घरी येणारं दही आणि त्याच्याबरोबर मागवलेलं आणखी काहीतरी. महिन्याला नऊ हजारांच्या घरात. यातला एकही खर्च उधळपट्टी म्हणावा असा नव्हता, आणि म्हणूनच "आपण कुठे उगाच खर्च करतो?" या प्रश्नाने तो कधीच सापडला नसता.

सरासरीबद्दल एक सावधगिरी. 12,500 ही वर्षाची सरासरी आहे. 2024 मध्ये गणपती 7 सप्टेंबरला आले, त्या महिन्यात घर तुटीत होतं. नोव्हेंबरच्या सुरुवातीच्या दिवाळीनेही तेच केलं. तूट कार्डाने भरून काढली, म्हणून देणं वाढलं. उपाय असा: विमा आणि सणवार-आहेर मिळून 1,53,000, त्याला 12 ने भागलं की 12,750. पगार झाला की तेवढे वेगळ्या खात्यात टाकायचे आणि हे खर्च फक्त तिथूनच करायचे. शिल्लक यामुळे बदलत नाही, कारण हे खर्च आधीच मोजलेले आहेत. फक्त सप्टेंबरात कार्ड काढावं लागत नाही.

पैसे एकत्र कसे केले

पगाराची खाती त्यांनी तशीच ठेवली. एक संयुक्त खातं उघडलं, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल अशा पद्धतीचं. पगार झाला की दोघं त्यात पैसे टाकतात आणि भाडं, किराणा, बिलं, आईवडिलांचे पैसे सगळं तिथूनच जातं. प्रत्येकाकडे स्वतःचे म्हणून 6,000 राहतात, त्यांचा हिशेब कोणी कोणाला विचारत नाही. हा भाग मला फार पटला. सगळंच एकत्र केलं की चहाचे पैसेही चर्चेचा विषय होतात.

रत्नागिरीचं खातं बंद करायची केतकीला घाई झाली होती. थांबवलं. आधी विम्याच्या हप्त्याचा आदेश नव्या खात्यावर फिरवायचा, नव्या खात्यातून एक हप्ता गेलेला बघायचा, मगच जुनं खातं बंद करायचं. नाहीतर हप्ता चुकतो आणि पॉलिसी खंडित होऊ शकते.

कराचं मात्र एकत्र होत नाही. पती-पत्नीने एकमेकांना दिलेल्या पैशावर कर लागत नाही, घरखर्चासाठी दिलेल्याचा तर प्रश्नच नाही. पण अमोलने केतकीला पैसे दिले आणि तिने ते मुदत ठेवीत ठेवले, तर त्या ठेवीचं व्याज अमोलच्याच उत्पन्नात धरलं जातं. म्हणून गुंतवणूक ज्याने त्याने आपल्या पगारातून, आपल्या नावावर करावी.

घराचा आकडा

जुन्या कागदावर 38,000 शिल्लक आणि 28,000 भाडं मिळून 66,000 चा हप्ता झेपेल असं दिसत होतं. साडेआठ टक्के व्याज आणि 20 वर्षं धरली तर हप्ता लाखामागे साधारण 868 रुपये. 65 लाखांच्या कर्जाला 56,420. ते आरामात बसत होतं.

खऱ्या आकड्यांनी 12,500 आणि 28,000 मिळून 40,500 होतात. त्यातून एसआयपीचे 8,000 आणि सोसायटीच्या देखभालीचे 4,000 बाजूला ठेवले की हप्त्याला उरतात 28,500, म्हणजे जेमतेम 32-33 लाखांचं कर्ज. बांधकाम सुरू असलेली इमारत असेल तर तेही नाही, कारण ताबा मिळेपर्यंत भाडं चालूच राहतं आणि मग हातात 12,500 च आहेत.

त्यांनी एजंटला फोन करून थांबायला सांगितलं आहे. फोन आणि वॉशिंग मशीनचे हप्ते ऑगस्टमध्ये संपतील, तेव्हा महिन्याचे 4,000 सुटतील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी केतकी नव्या ओळी शीटला जोडते, अमोल प्रकार टाकतो, आणि दोघं दोन्ही वाटांनी उत्तर काढून बघतात. जूनमध्ये 350 रुपयांचा फरक आला होता. परत आलेल्या तिकिटाचे पैसे निघाले.